हात प्लास्टरमध्ये, पेपर बारा दिवसांवर

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार. दहावीतली आमची एक विद्यार्थिनी संध्याकाळी स्कूटीवरून घसरली आणि उजवा हात टेकून पडली. मनगटाजवळ हाड मोडलं. रात्री कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. बोर्डाचा पहिला पेपर १ मार्चला, मराठीचा. तिच्या आईने मला रात्री साडेदहाला फोन केला, तेव्हा मागून मुलीच्या रडण्याचा आवाज येत होता. हाताचं दुखणं होतंच, पण ती रडत होती ती वर्ष वाया जाणार म्हणून.

वर्ष वाया जायचं काही कारण नव्हतं. अशा वेळी लेखनिक मिळतो, म्हणजे विद्यार्थ्याने उत्तर सांगायचं आणि दुसऱ्याने ते लिहायचं. जादा वेळही मिळतो. मात्र दोन्ही मागावे लागतात, आणि वेळेत मागावे लागतात. बारा दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. सोमवारी शिवजयंतीची सुट्टी होती. सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी. हिशेब केला तर हातात आठ दिवस उरले.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पालकांचा इथेच गोंधळ होतो. दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक आणि जादा वेळ देण्याचे नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये सविस्तर ठरवून दिले. त्यांत तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ आहे. पुढे २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपंगत्व चाळीस टक्क्यांपेक्षा कमी असलं, तरी लिहिता येत नसेल तर लेखनिक नाकारता येणार नाही. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाची व्याख्या दीर्घकाळ टिकणारी अडचण अशी आहे. मोडलेला हात दीड-दोन महिन्यांत बरा होतो, म्हणून तो त्या व्याख्येत सरळ बसत नाही. अपघात झालेल्या विद्यार्थ्याला सवलत मिळते ती परीक्षा मंडळाच्या स्वतःच्या तरतुदीतून, त्याच्या प्रकरणापुरत्या परवानगीने. सीबीएसईच्या नियमांतही अपघाताने किंवा अचानक आजाराने लिहिता न येणाऱ्या परीक्षार्थीची अशीच वेगळी सोय आहे. त्यामुळे केंद्रावर जाऊन ‘हा आमचा हक्क आहे’ म्हणत भांडून उपयोग होत नाही. परवानगीचं पत्र हातात असावं लागतं.

ते पत्र देतं विभागीय मंडळ. राज्य मंडळाची अशी नऊ विभागीय मंडळं आहेत, आणि अर्ज शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत जातो. पालकांनी थेट मंडळाच्या ऑफिसात धाव घेतली, तर तिथून त्यांना बहुतेक वेळा शाळेकडेच परत पाठवतात. आमच्या अर्जाबरोबर वैद्यकीय प्रमाणपत्र, प्रवेशपत्राची प्रत, लेखनिकाचा फोटो लावलेला बोनाफाइड दाखला आणि त्याच्या पालकांचं संमतिपत्र होतं. यातला खरा अडसर ठरला तो पहिला कागद.

मंगळवारी तिचे वडील ज्या खासगी दवाखान्यात प्लास्टर घातलं होतं तिथून प्रमाणपत्र घेऊन आले. त्यावर हाडाचं नाव, मोडल्याची तारीख आणि ‘सहा आठवडे विश्रांती’ एवढंच लिहिलेलं. डॉक्टरांच्या दृष्टीने ते पूर्ण होतं. आमच्या कामाचं मात्र नव्हतं. अर्ज तपासणाऱ्या माणसाला एवढंच ठरवायचं असतं, की ही मुलगी परीक्षेच्या दिवसांत पेन धरू शकते की नाही. त्या कागदावरून ते कळत नव्हतं. उजवा हात मोडला, पण ती लिहिते कोणत्या हाताने? प्लास्टर मनगटाचं असलं तर बोटं मोकळी असतात, मग लिहायला काय हरकत, अशी शंका हमखास येते. आमच्याच केंद्रावर काही वर्षांपूर्वी एका मुलाला नेमकं हेच ऐकून घ्यावं लागलं होतं. मनगट जखडलेलं असताना बोटं हलतात, पण तीन तास अक्षर काढता येत नाही. जोर दिला की जुळू लागलेलं हाड दुखतं आणि सूज वाढते. ते डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवं.

म्हणून आम्ही दुसरं प्रमाणपत्र मागितलं, आणि ते सरकारी रुग्णालयाचं. खासगी डॉक्टरांच्या कागदावर अर्ज अडण्याची शक्यता असते. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा उपजिल्हा रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक यांची सही-शिक्का असला की प्रश्न उरत नाही. एक्स-रे आणि जुनी चिठ्ठी घेऊन ते दोघं बुधवारी सकाळी सिव्हिलला गेले. हाडांचे डॉक्टर त्या दिवशी ऑपरेशनला होते, म्हणून गुरुवारी पुन्हा गेले. या वेळी काय लिहून हवं ते मी एका चिठ्ठीवर दिलं होतं: विद्यार्थिनी उजव्या हाताने लिहिते, त्याच हाताला फ्रॅक्चर आहे, त्यामुळे तिला लिहिता येणार नाही, आणि ही स्थिती २६ मार्चपर्यंत, म्हणजे शेवटच्या पेपरापर्यंत राहील. डॉक्टरांनी हात तपासला, एक्स-रे पाहिला आणि या चारही गोष्टी लिहून दिल्या. ती शेवटची तारीख लिहून घेण्याचं महत्त्व पुढे कळलं.

अर्जातही एक खुबी आहे. लेखनिक आणि जादा वेळ या दोन मागण्या वेगवेगळ्या लिहाव्या लागतात. अर्जात नुसतं ‘लेखनिक मिळावा’ असलं, तर परवानगीही तेवढीच यायची. मग पेपरला बसल्यावर कळतं की घंटा सगळ्यांबरोबरच होणार आहे. आम्ही दोन्ही ओळी स्वतंत्र लिहिल्या. परवानगी मंगळवारी, २७ तारखेला आली. तिच्यात तासाला वीस मिनिटं होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास आणि दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटं. प्रत्येकाला तेवढीच मिळतील असं धरून चालू नये. पत्रात जे आकडे असतील, तेवढाच वेळ केंद्रसंचालक देतात, म्हणून पत्र आल्याबरोबर ते नीट वाचायचं आणि कमी वाटलं तर त्याच दिवशी शाळेमार्फत विचारायचं.

लेखनिक शोधताना पालकांच्या मनात पहिलं नाव येतं ते हुशार मुलाचं. तसं नसतं. दहावीचा लेखनिक नववीचा किंवा त्याखालचा असावा लागतो, म्हणजे उत्तर त्याला ठाऊक नसावं हीच अपेक्षा आहे. हवं असतं ते सुवाच्य अक्षर, वेग आणि शांत स्वभाव. आमच्या नववीतला एक मुलगा तयार झाला, पण त्याच्या आजोबांनी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या पायी आपल्या मुलाची शाळा का बुडवायची, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. दहा पेपर म्हणजे दहा दिवस त्या मुलाची शाळा बुडते. मग आठवीतली एक मुलगी मिळाली. तिची आई स्वतः येऊन संमतिपत्रावर सही करून गेली. अशा वेळी दोन नावं आधीच हाताशी असावीत.

परवानगीची वाट पाहत असतानाच आम्ही सराव सुरू केला. रोज संध्याकाळी शाळेत दोघींना समोरासमोर बसवलं. पहिल्या दिवशी मराठीचा जुना पेपर दिला. तीन तासांत ऐंशीपैकी जेमतेम पन्नास गुणांचे प्रश्न झाले. लेखनिकाचा वेग चांगला होता. अडत होतं सांगण्यात. हाताने लिहिताना वाक्य अर्धं मनात, अर्धं कागदावर तयार होतं. सांगताना मात्र ते आधी पूर्ण जुळावं लागतं. ती अर्धं वाक्य सांगायची, थांबायची, ‘नको, खोड ते’ म्हणायची. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच युक्ती काढली. आधी मुद्दे डाव्या हाताने कच्च्या कागदावर एकेका शब्दात खरडायचे, मग वाक्य पूर्ण करूनच बोलायचं. परीक्षेत हीच टिपणं उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर करायची असं ठरलं, वरच्या पर्यवेक्षकांना आधी सांगून.

गणितात वेगळीच गंमत झाली. तिने सांगितलं, ‘एक्स वर्ग अधिक पाच एक्स भागिले दोन.’ लेखनिक मुलीने लिहिलं x² + 5x/2. तिला हवं होतं (x² + 5x)/2. दोघींचीही चूक नव्हती. तेव्हापासून ‘कंस सुरू’, ‘कंस पूर्ण’, ‘अपूर्णांक, वर अमुक, खाली तमुक’ असं बोलायचं ठरवलं. भूमितीत वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची रचना आठवीच्या मुलीला माहीतच नसते. मग मुलीने एकेक कृती सांगायची: ‘O केंद्र घे, त्रिज्या तीन पूर्णांक तीन सेंटिमीटर. O पासून साडेसात सेंटिमीटरवर P. आता OP चा लंबदुभाजक काढ.’ लंबदुभाजक काढायला लेखनिक शिकलेली होती, त्यामुळे तिथे अडलं नाही. लंबदुभाजक OP ला जिथे छेदतो तो बिंदू M, तिथून MO त्रिज्येचं वर्तुळ, ते मूळ वर्तुळाला दोन ठिकाणी छेदतं, ते बिंदू P ला जोडायचे. एवढं बोलून सांगायचं तर रचना पाठ असून भागत नाही, ती समजलेली असावी लागते. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात भूमितीची याहून चांगली परीक्षा मी पाहिलेली नाही.

१ मार्चला तिला तळमजल्यावरची वेगळी खोली दिली होती, वेगळ्या पर्यवेक्षिकेसह. वेगळी खोली लागतेच, कारण ती मोठ्याने सांगणार. उत्तरपत्रिकेवर विद्यार्थिनीची सही हवी असते, ती तिने डाव्या हाताने केली. ही सही प्रवेशपत्रावरच्या सहीशी जुळणार नाही, हे आम्ही केंद्रसंचालकांना अर्ध्या तासाआधीच सांगून ठेवलं होतं. सगळ्यांना मिळणारी शेवटची दहा मिनिटं धरून ती चार तासांहून जास्त बसणार होती. तेवढा वेळ हात खाली लोंबत राहिला तर बोटं सुजतात, म्हणून तिच्या आईने एक छोटी उशी दिली होती. पूर्ण पेपरभर प्लास्टर त्या उशीवर होतं. बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर पेपर सोडून आधी डॉक्टरांकडे जायचं, हे मात्र पर्यवेक्षिकेला आणि तिला दोघींनाही बजावलं होतं.

२३ मार्चला, पाच आठवडे पुरे होताच, डॉक्टरांनी प्लास्टर काढलं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी भूगोलाचा शेवटचा पेपर होता. तिच्या वडिलांना वाटलं, आता हात मोकळा झाला, हिने स्वतःच लिहावं. सोमवारी रात्री तिने वहीवर नाव लिहून पाहिलं. पाच आठवडे न हललेलं मनगट आखडलेलं होतं, चार अक्षरांत दुखायला लागलं. मंगळवारी सकाळी केंद्रावर विचारणा झालीच, प्लास्टर कुठे आहे म्हणून. मी मंडळाचं पत्र आणि सिव्हिलचं प्रमाणपत्र पुढे केलं. त्यावर २६ मार्च ही तारीख होती. केंद्रसंचालकांनी ती वाचली आणि तळमजल्यावरची खोली उघडायला सांगितली.