स्प्रिंग रोल तेल कधी पितो?

स्प्रिंग रोल तेलकट झाला की आपण दोष देतो तेलाला, नाहीतर गॅसला. खरं तर रोल कढईत असतो जेमतेम चार-पाच मिनिटं, आणि त्या वेळात तो फारसं तेल पीतही नाही. बिघडायचं ते बरंचसं आधीच, ओट्यावर, बिघडून गेलेलं असतं. उरलेलं बिघडतं रोल कढईतून बाहेर आल्यावर.

सुरुवात शीटपासून करायला हवी. चीनमध्ये, विशेषतः शांघायकडे, वसंताच्या सणाला जे रोल तळतात त्यांची शीट लाटलेली नसते. मैद्याचं खूप सैल, लवचिक पीठ हातात खेळवत ठेवतात, तापलेल्या सपाट तव्यावर त्याचा गोळा टेकवून फिरवतात आणि लगेच उचलतात. तव्याला चिकटून राहतो तो पातळ पापुद्रा म्हणजे शीट. ती तव्यावरच शिजलेली असते, म्हणून तिच्यात पाणी कमी असतं आणि ती तळल्यावर गुळगुळीत, ठिसूळ होते. आपल्याकडे फ्रीझरमध्ये मिळणाऱ्या अर्धपारदर्शक चौकोनी शीट बहुतेक याच जातीच्या असतात. अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत मिळणाऱ्या एग रोलचं आवरण मात्र वेगळं: अंडं घालून लाटलेलं, जाड आणि कच्चं. त्याला तळताना फोड येतातच, आणि तिथे ते कुणाला खटकतही नाहीत. तेव्हा पाकिटातल्या शीट जाडसर, शेवयांच्या पिठासारख्या पिवळट असतील, तर गुळगुळीत रोलची अपेक्षाच ठेवू नये.

फोड का येतो हे पुरीवरून चटकन कळतं. पुरी कडकडीत तेलात टाकली की वरचा थर झटकन घट्ट होतो, आतल्या पाण्याची वाफ अडकते आणि पुरी फुगते. आपल्याला तिथे हवं असतं तेच इथे नको असतं. रोलच्या शीटवर पाण्याचा थेंब राहिला, दोन पदरांमध्ये हवा अडकली, किंवा तेल फार तापलेलं असलं की त्या त्या जागी छोटी छोटी पुरी फुगते. मग ती पातळ जागा आधी काळी पडते आणि बाकीचा रोल पांढुरकाच राहतो.

म्हणून पहिला शत्रू पाणी, आणि ते सगळ्यात जास्त येतं सारणातून. वीस रोलचा हिशोब धरू. साधारण चारशे ग्रॅम बारीक चिरलेला कोबी, दोन गाजरं, एक सिमला मिरची, मूठभर पातीचा कांदा. या भाज्या मोठ्या आचेवर, पसरट कढईत, दोन वेळा थोड्या थोड्या परताव्यात. सगळ्या एकदम घातल्या तर त्या परतल्या न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजतात. मीठ आणि सोया सॉस अगदी शेवटी. तरीही तळाशी थोडा रस जमतोच. एक चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे पाण्यात कालवून त्या रसावर घालायचं. रस घट्ट होऊन भाजीला धरून बसतो. कढई तिरपी केली आणि पाणी वाहिलं नाही, म्हणजे झालं. मग सारण ताटात पसरून पूर्ण गार करायचं. कोमट सारण शीटमध्ये गुंडाळलं तर त्याची वाफ शीटलाच ओलं करते. या एका घाईने जितके रोल फुटतात तितके दुसऱ्या कशानेही फुटत नसतील.

शीट फ्रीझरमधून काढून पाकीट न उघडताच मऊ होऊ द्याव्यात आणि मग एकेक सोडवाव्यात. उरलेल्यांवर फडकं झाकायचं, पण घट्ट पिळलेलं. थबथबीत फडक्याखालच्या शीटवर पुढे नेमके फोड येतात. शीटची एक बाजू गुळगुळीत असते, ती बाहेरून ठेवावी.

चिकटवायला पाणी पुरत नाही. तेलात गेल्यावर ते उडून जातं आणि कडा सुटते. अंड्याने चिकटतं, पण जास्त लागलं तर डाग पडतो. सगळ्यात भरवशाची म्हणजे मैद्याची खळ. दोन चमचे मैदा सहा चमचे पाण्यात गुठळ्या न राहता कालवावा आणि मंद आचेवर चकचकीत होईपर्यंत ढवळावा. कच्च्या पिठापेक्षा ही शिजलेली खळ जास्त चिकट असते आणि कमी लागते. शीट एक कोपरा आपल्याकडे येईल अशी तिरकी ठेवायची. त्या कोपऱ्याच्या थोडं वर, बोटभर लांब आणि तितकंच जाड सारण ठेवायचं. कोपरा सारणावर आणून मागे ओढत एक वेढा द्यायचा, म्हणजे हवा निघून जाते. मग दोन्ही बाजू आत घ्यायच्या, आणि त्या घेताना खालची टोकं मिटली आहेत ना, हे पाहायचं. पुढे नीट गुंडाळत जायचं. वरच्या कोपऱ्याच्या दोन्ही कडांना खळेचं पातळ बोट फिरवून रोल बंद करायचा आणि जोड खाली ठेवायचा. फार आवळूही नये, आतल्या वाफेला थोडी जागा लागते. रोल चावताना आतून तेल ठिबकलं तर समजावं की टोक उघडं राहिलं होतं. तो दोष आचेचा नव्हे.

बांधलेले रोल तासाभरात तळावेत. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवले तर सारणाचा ओलावा शीटमध्ये झिरपतो. ठेवायचेच असतील तर सुटे सुटे गोठवावेत आणि न वितळवता थेट तेलात सोडावेत. मात्र अंगावरचं हिमाचं पांढरं आधी झटकावं, नाहीतर तेल अंगावर उडतं.

तेल १६५ ते १७० अंश सेल्सिअस असावं, गोठवलेल्या रोलसाठी सुरुवातीला १६०. तापमापक नसेल तर शीटचा छोटा तुकडा टाकून पाहावा. तो क्षणभर खाली जाऊन बारीक बुडबुड्यांसह वर आला आणि लगेच लाल झाला नाही, तर तेल बरोबर आहे. धूर दिसला तर गॅस बंद करून थांबावं. लिटरभर तेलात एका वेळी चार-पाच रोल पुरे. जास्त टाकले की तेल थंड पडतं, कवच उशिरा धरतं आणि तेवढा वेळ शीट नुसती तेलात मुरत राहते.

बुडबुडे जोरात येत असतात तोवर वाफ बाहेर पडत असते आणि तीच तेलाला आत येऊ देत नाही. खरा धोका रोल बाहेर काढल्यावर असतो. कवच थंड होऊ लागलं की त्याच्या बारीक भोकांतली वाफ आक्रसून पुन्हा पाणी होते, आणि रिकामी झालेली जागा अंगावरचं तेल आत ओढून घेते. म्हणून शेवटच्या अर्ध्या मिनिटात आच वाढवून तेल १८० अंशांपर्यंत न्यावं. गरम तेल पातळ असतं, ते चटकन निथळतं. रोल हवा त्या रंगाच्या किंचित आधीच झाऱ्यावर घ्यावेत, कढईवरच दोन-तीनदा झटकावेत आणि चाळणीत उभे ठेवावेत. कागदावर आडवे रचले तर खालची बाजू स्वतःच्याच वाफेत मऊ पडते. पुन्हा पुन्हा वापरून काळवंडलेलं, फेसाळणारं तेलही अंगाला जास्त चिकटून राहतं. स्प्रिंग रोलला ताजं तेल घ्यावं, उरलेलं नंतर भाजीला चालतं.

पाहुणे उशिरा येणार असतील तर रोल १६० अंशांवर फिकट रंगापर्यंत तळून जाळीवर उघडेच ठेवावेत. पाहुणे आल्यावर १८० अंशांच्या तेलात मिनिटभर पुन्हा सोडले की कवच परत कुरकुरीत होतं. झाकण घालून ठेवलेल्या रोलला मात्र हा उपायही पुरता लागू पडत नाही.