सात गोण्या कुठे गेल्या?

बंगल्याच्या साइटवर स्लॅब पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी मालाचा हिशेब लावावा. आठवडा गेला की कोणालाच काही आठवत नाही.

एक उदाहरण घेऊ. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब आणि त्याचे बीम मिळून काँक्रीट भरले १५ घनमीटर. एम-२० च्या १:१.५:३ मिश्रणाला घनमीटरमागे साधारण ८ गोण्या सिमेंट लागते, म्हणजे १२० गोण्या. गुदामात आधीच्या २० होत्या, चलनावर १५० आल्या. शिल्लक ५० हवी होती, मोजली तर ४३ भरली. सांडलवंडीला दोन-तीन गोण्या सोडल्या तरी चारांचा पत्ता लागत नाही.

अशा वेळी वॉचमनवर संशय घेण्याआधी रिकाम्या गोण्या मोजाव्यात. त्या १२० भरल्या, तर सात भरलेल्या गोण्या साइटबाहेर गेल्या किंवा मुळात उतरल्याच नाहीत. १२७ भरल्या, तर सिमेंट इथेच वापरले गेले आहे. मग स्लॅबची जाडी तपासायची. सेंटरिंग थोडे खाली बसून जाडी सरासरी पाव इंच वाढली, तर अर्ध्या घनमीटरहून जास्त काँक्रीट जादा जाते. चार गोण्या तिथेच संपतात. म्हणूनच रिकाम्या गोण्या हिशेब होईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नयेत.

वाळूचा घोळ वेगळा असतो. ती ब्रासने येते आणि ओली असली की फुगते. सरळ बाजूंच्या काचेच्या भांड्यात ओली वाळू २० सेंटिमीटर भरा, मग ती पाण्यात बुडवून ढवळा. बसल्यावर १६ सेंटिमीटर राहिली, तर फुगवटा २५ टक्के आहे. डंपरमध्ये ३ ब्रास मोजलेली ही वाळू खरी २.४ ब्रासच. आपल्या स्लॅबला सुमारे २.२ ब्रास लागली. वहीत पाऊण ब्रास उरलेली दिसते, ढिगात मात्र पाव ब्रासही नसते. ही वाळू कोणी नेलेली नाही, ती आलीच नव्हती.

लोखंडात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती शिल्लक जास्त निघाली की. समजा १० मिलिमीटरच्या सळया काट्यावर १,००० किलो आल्या आणि १,५०० मीटर वापरल्या. तक्त्यातले वजन मीटरला ०.६१७ किलो, म्हणून वापर ९२६ आणि शिल्लक ७४ किलो. पण सळई थोडी हलकी, मीटरला ०.५९५ किलोची असेल, तर खरा वापर ८९३ आणि शिल्लक १०७ किलो होते. एवढा फरक मानकाच्या मर्यादेत बसतो, त्यामुळे माल खोटा ठरत नाही. मात्र वरचे ३३ किलो कोणी उचलले तरी वही तंतोतंत जुळते. यासाठी प्रत्येक गाडीतल्या प्रत्येक जाडीचे दोन-तीन तुकडे मीटरभर कापून वजन करावे आणि वापर त्याच वजनाने मांडावा. कटपीसही वेगळे ठेवून काट्यावर घालावेत, अंदाजाने लिहू नयेत.