दिसतात तेवढ्याच अळ्या नसतात: भटक्या कुत्र्याच्या जखमेतले किडे

माझं पीएचडीचं काम माश्यांच्या अळ्यांवर आहे. त्यामुळे प्राण्यांच्या दवाखान्यात ‘किडे पडलेलं कुत्रं’ आलं की मला फोन येतो. गावाकडे याला ‘आसडी पडली’ म्हणतात. मागच्या पावसाळ्यात असंच एक पिवळसर कुत्रं आलं. कानामागे रुपयाच्या नाण्याएवढं भोक होतं आणि वरून पाच-सहा अळ्या वळवळताना दिसत होत्या. पहिल्या दिवशी बाहेर निघाल्या त्रेसष्ट. हा फरक कुठून आला, हे समजलं की जखम अशीच का साफ करतात तेही समजतं.

आधी माशी. आपल्याकडे अशा जखमांमागे बहुतेक वेळा क्रायसोमिया बेझिआना ही निळसर-हिरवी माशी असते. कचऱ्यावरच्या माश्यांना सडकं मांस चालतं, हिच्या अळ्यांना मात्र जिवंत ऊतीच लागतात. जखमेतलं रक्त आणि स्राव यांवर जिवाणू वाढतात, त्यांतून वास सुटतो आणि त्या वासावर अंडी घालायला आलेली मादी येते. त्यासाठी जखम मोठी असायला हवी असं नाही, गोचिडीने चावलेली जागाही पुरते. मादी जखमेच्या कोरड्या कडेला साधारण दीडशे-दोनशे अंडी एका गठ्ठ्यात चिकटवते. कुत्रं जिथे चाटू शकतं तिथली अंडी बऱ्याचदा निघून जातात. कानामागे, मानेवर जीभ पोचत नाही, म्हणून तिथल्या जखमा जास्त बिघडतात.

अंडी बारा ते चोवीस तासांत फुटतात. अळी डोकं खाली करून मांसात शिरते आणि खात खात पोकळी खोल करते. तिची श्वासाची मुख्य छिद्रं मात्र मागच्या टोकाला असतात, त्यामुळे शेपटाकडचं टोक हवेकडे ठेवावं लागतं. आपल्याला वरून दिसतात ती ही टोकं, आणि तीही फक्त वरच्या थरातली. पाच ते सात दिवसांनी पूर्ण वाढलेली अळी खाली पडते आणि मातीत कोष करते.

आता सफाई. डॉक्टर मॅडमनी आधी कुत्र्याचं तोंड बांधून भुलीचं इंजेक्शन दिलं, कारण वेदनेने ते चावणारच. मग जखमेभोवतीचे केस चांगले चार बोटं लांबपर्यंत कापले. न फुटलेली अंडी या केसांतच असतात. नंतर सलाईनच्या पिचकारीने पोकळी धुतली. हवा अडली की अळ्या वर सरकतात, तेव्हा चिमट्याने एकेक ओढायची. टर्पेंटाइनचा बोळा ठेवण्याची जुनी पद्धतही याच तत्त्वावर चालते, पण त्याने ऊती भाजतात. म्हणून तो वापरलाच तर थोडा वेळ, आणि डोळ्या-तोंडापासून लांब. फिनाइल, पेट्रोल, रॉकेल ओतणं तर नकोच, कुत्रं तेच चाटतं.

मी विचारलं, “मॅडम, आयव्हरमेक्टिन देतोच आहोत, मग एवढं वेचायचं कशाला?”

“अगं, आत मेलेल्या अळ्या कोण काढणार? त्या तिथेच सडतात.”

वजनावरून डोस ठरवून औषध दिलं. कोली जातीच्या कुत्र्यांना ते घातक ठरू शकतं, त्यामुळे जात बघावी लागते. शेवटी मेलेली ऊती कापली, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने जखम धुतली आणि कडेने माशी बसू नये असा स्प्रे मारला. भोक टाके घालून बंद केलं नाही. आत काही राहिलं असेल तर बाहेर यायला वाट हवी.

दुसऱ्या दिवशी अकरा अळ्या निघाल्या, तिसऱ्या दिवशी दोन आणि चौथ्या दिवशी एकही नाही. इथेच माझं काम सुरू होतं. पहिल्या दिवशीच्या बहुतेक अळ्या सेंटिमीटरहून लांब होत्या, म्हणजे निदान तीन-चार दिवसांच्या. दुसऱ्या दिवशीच्या अकरापैकी नऊ मात्र जेमतेम चार-पाच मिलिमीटरच्या. एकाच गठ्ठ्यातल्या अळ्यांत एवढा फरक सहसा पडत नाही. याचा अर्थ जखमेवर अंडी किमान दोनदा घातली गेली होती. पहिल्या दिवशी ही बारीक पिल्लावळ डोळ्यांतून सुटली. म्हणून ‘साफ झालं’ हे पहिल्या दिवशी ठरवायचं नाही. सलग दोन दिवस एकही अळी निघाली नाही आणि तळाला लालसर दाणेदार मांस दिसू लागलं की मगच.

तुम्ही असे नमुने घेणार असाल तर अळ्या थेट अल्कोहोलमध्ये टाकू नका, त्या आक्रसून काळ्या पडतात. आधी गरम पाण्यात मारायच्या, मग ऐंशी टक्के अल्कोहोल. प्रत्येक दिवसाची बाटली वेगळी ठेवा. मी पहिल्या वर्षी सगळ्या एकाच बाटलीत भरल्या होत्या, आणि मग अंडी कितीदा घातली गेली हे सांगायची सोयच उरली नाही.