आठ विरुद्ध तीन

समजा, पुण्यातल्या एक करिअर कोच आहेत. मुलं लहान असताना नोकरी सोडलेल्या बायकांना पुन्हा कामावर रुजू व्हायला त्या मदत करतात. त्यांची जाहिरात मोबाइलवर दिसते, तिच्यावर बोट ठेवलं की लँडिंग पेज उघडतं. वर मथळा, ‘आपल्या करिअरला नवी दिशा द्या’. मग थोडी माहिती आणि खाली बटण, ‘संपर्क करा’. महिन्याला साधारण साडेनऊशे जणी हे पेज पाहतात. शंभरातल्या चौघी पहिल्या मोफत भेटीसाठी नाव नोंदवतात.

आपले शब्द फार मोघम आहेत, असं कोचना वाटतं. म्हणून त्या दुसरं पेज तयार करतात. मथळा, ‘पाच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरी कशी मिळवायची?’ आणि बटणावर, ‘अर्ध्या तासाची मोफत भेट ठरवा’. येणाऱ्या प्रत्येकीला कोणतं पेज दाखवायचं हे सॉफ्टवेअर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतं. याला ए/बी टेस्ट म्हणतात. आठवडाभरानं आकडे येतात. जुनं पेज ९८ जणींनी पाहिलं, ३ नोंदण्या झाल्या. नवं १०२ जणींनी पाहिलं, ८ झाल्या. टक्केवारीत मांडलं तर ही १५६ टक्के वाढ होते. जुनं पेज त्याच संध्याकाळी काढून टाकावं, असाच मोह होणार.

इथे टक्केवारी बाजूला ठेवून नुसत्या नोंदण्या मोजाव्यात. त्या आहेत एकूण ११. दोन्ही पेजं अगदी सारखीच चांगली असती, तर यातली प्रत्येक नोंदणी जुन्या पेजवर पडणं किंवा नव्यावर पडणं ही नाणेफेकच झाली असती. आता नाणं अकरा वेळा उडवा. छाप आणि काटा यांची विभागणी आठ-तीन किंवा त्याहून एकतर्फी कितीदा येईल? अशा शंभर खेळांपैकी सुमारे २३ खेळांत. म्हणजे मथळ्यात काहीच दम नसला, तरी जवळपास चारातल्या एका टेस्टमध्ये एवढा मोठा फरक दिसणारच. तो कधी नव्या पेजच्या बाजूनं दिसेल, कधी जुन्याच्या.

२००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत बराक ओबामांच्या प्रचार पथकानं संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर अशीच टेस्ट घेतली होती. चार प्रकारची बटणं आणि सहा फोटो-व्हिडिओ मिळून २४ जोड्या होत्या. त्या पाहणाऱ्यांची संख्या होती ३,१०,३८२, म्हणजे प्रत्येक जोडीच्या वाट्याला सुमारे तेरा हजार माणसं. मूळ पानावर ८.२६ टक्के लोक नाव नोंदवत होते. ओबामांचा कौटुंबिक फोटो आणि ‘लर्न मोअर’ असं बटण असलेल्या पानावर हे प्रमाण ११.६ टक्क्यांवर गेलं. पथकातल्या लोकांची पसंती एका व्हिडिओला होती, पण सगळेच व्हिडिओ फोटोंपेक्षा मागे पडले. ही गोष्ट बटणावरच्या शब्दांची ताकद दाखवायला हमखास सांगितली जाते. तेरा हजारांचा आकडा मात्र सांगताना गळतो, आणि त्या निकालाला वजन आहे ते त्या आकड्यामुळेच.

आपल्या कोचना तेरा हजार लागणार नाहीत, पण दोनशेत भागणारही नाही. किती लागतील हे आपण केवढा फरक शोधतो त्यावर ठरतं. चाराचे सहा टक्के झाले तर ते ओळखता यावं, एवढी अपेक्षा धरू. संख्याशास्त्राचा नेहमीचा हिशेब (खोटा विजय शंभरात पाचदाच चालेल आणि खरा विजय शंभरात ऐंशीदा तरी सापडावा) प्रत्येक पेजसाठी सुमारे १,९०० जणी मागतो. एकूण ३,८००, म्हणजे चार महिने. चाराचे पाच होणं पकडायचं असेल, तर प्रत्येकी सुमारे ६,७०० लागतात आणि टेस्ट वर्षभरात संपत नाही. चाराचे थेट आठ होणार असतील, तर प्रत्येकी ५५० पुरतात, पाच आठवड्यांत काम होतं.

म्हणून कमी वर्दळीच्या पेजवर बटणाचा रंग हिरवा की केशरी हे तपासत बसणं मला वेळ घालवणं वाटतं. एवढ्याशा बदलाचा परिणाम असलाच तरी तो एवढ्या गर्दीत दिसणार नाही. मथळा आणि बटण यांच्या वेगवेगळ्या टेस्टही अशा कोचनी घेऊ नयेत. दोन्हीतून एकच ठोस आश्वासन द्यावं आणि पूर्ण नवं पेज जुन्यासमोर उभं करावं. यात जिंकलं ते मथळ्यामुळे की बटणामुळे, हे कळणार नाही. ही किंमत मोजण्यासारखी आहे.

आकडा सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवायचा आणि तो भरेपर्यंत निकाल लावायचा नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. रोज डोकावायचं आणि नवं पेज पुढे दिसलं त्या दिवशी टेस्ट बंद करायची, ही सवय निकाल बिघडवते. ठरल्या वेळी एकदाच पाहिलं तर खोट्या विजयाची शक्यता शंभरात पाच असते. टेस्ट चालू असताना दहा वेळा पाहिलं आणि अनुकूल दिसेल तिथे थांबलं, तर ती १९ च्या आसपास जाते. शिवाय असा घाईचा विजय फुगलेलाही असतो, कारण आपण मुद्दाम लाटेच्या माथ्यावर थांबलेलो असतो.

ठरलेला आकडा भरला की घरच्या घरी करता येईल असा हिशेब आहे. दोन्ही पेजच्या नोंदण्यांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. नोंदण्यांमधला फरक त्याहून मोठा हवा. आठवड्याच्या निकालात बेरीज ११, वर्गमूळ ३.३, दुप्पट ६.६, फरक मात्र पाचच. चार महिन्यांनी जुन्याच्या ७६ आणि नव्याच्या १०८ नोंदण्या झाल्या असं धरू. बेरीज १८४, वर्गमूळ १३.६, दुप्पट २७ च्या आसपास, फरक ३२. नवं पेज ठेवायला हरकत नाही. नव्याच्या ९५ च असत्या, तर फरक १९ वर अडला असता आणि ‘नक्की सांगता येत नाही’ हेच उत्तर राहिलं असतं.

हा हिशेब दोन्ही पेज साधारण सारख्याच जणींनी पाहिली असतील तरच चालतो, म्हणून आधी तेवढं तपासावं. दोन हजारांत एकाला ९०० आणि दुसऱ्याला १,१०० मिळाल्या, तर तो योगायोग नसतो. पेज कुठेतरी नीट उघडत नाही किंवा मोजणी चुकते आहे. ते सापडेपर्यंत निकालाकडे पाहूच नये. टेस्ट पूर्ण आठवड्यांत मोजावी, कारण रविवारी दुपारी निवांत पेज वाचणारी आणि मंगळवारी लोकलमध्ये उभ्यानं वाचणारी यांचं वागणं एक नसतं. टेस्ट चालू असताना मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटात लिंक टाकू नये. त्या मथळा वाचून नाव नोंदवत नाहीत, कोचला ओळखतात म्हणून नोंदवतात.

मोजायचं काय, हेही आधीच ठरवावं. ‘मोफत’ शब्दानं बटणावरचे क्लिक वाढतात, पण नाव नोंदवून भेटीला न येणाऱ्याही वाढू शकतात. निकाल नोंदण्यांवर लावावा आणि शेजारच्या रकान्यात प्रत्यक्ष किती जणी आल्या तेही लिहावं. नव्या पेजच्या १०८ पैकी ४० आणि जुन्याच्या ७६ पैकी ५५ आल्या, तर जिंकलेलं पेज कोचचा वेळ खातं आहे.

आणि महिन्याला दोनशेच जणी येत असतील, तर ए/बी टेस्ट करूच नये. चाराचे आठ टक्के झाले तरी ते कळायला साडेपाच महिने लागतील. त्यापेक्षा आजवर भेटलेल्या दहा जणींना फोन करून विचारावं, आमच्याकडे आलात तेव्हा मनात नेमकी काय काळजी होती. ‘मुलाखतीत त्या पाच वर्षांबद्दल विचारलं तर काय सांगू?’ हेच तिघींच्या तोंडून आलं, तर ते वाक्य मथळ्यात घ्यावं, जुनं पेज बदलावं आणि किती टक्के वाढ झाली हे कुणाला सांगायला जाऊ नये.