मिडी पायावर मोजावा, मॅक्सी जमिनीपासून

मिडी आणि मॅक्सी या दोन्ही स्कर्टांची लांबी दुकानात एकाच पद्धतीने सांगितली जाते: कमरेच्या पट्ट्यापासून खालच्या कडेपर्यंत इतके इंच. अंगावर मात्र दोघांचे गणित वेगळे असते. मिडीची कड गुडघा आणि घोटा यांच्यामध्ये कुठेतरी थांबते, त्यामुळे ती पायाच्या नेमक्या कोणत्या भागावर येते यावर त्याचे दिसणे अवलंबून असते. मॅक्सीची कड पावलापाशी येते, तिथे प्रश्न असतो तो जमिनीपासून ती किती वर राहते याचा. उंच टाचेची सँडल घातली तरी मिडीची कड पोटरीवर होती तिथेच राहते. मॅक्सीची कड मात्र जमिनीपासून दोन इंच वर उचलली जाते. म्हणून मिडीची लांबी आधी ठरवून त्याला शोभणारे पादत्राण नंतर निवडता येते. मॅक्सीच्या बाबतीत पादत्राण आधी ठरते आणि लांबी नंतर.

दोन्हींसाठी सुरुवात एकाच मापाने होते. स्कर्टचा पट्टा जिथे बसणार तिथे कमरेभोवती नाडी बांधावी, अनवाणी सरळ उभे राहावे आणि बाजूने नाडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यावे. स्वतः वाकून मोजले की माप हमखास चुकते. नाडी कुठे बांधली यालाही महत्त्व आहे. बेंबीच्या वर बसणारा स्कर्ट आणि कटीवर टेकणारा स्कर्ट यांच्या कडेत दोन-तीन इंचांचा फरक सहज पडतो. एकच स्कर्ट एका दिवशी छान दिसतो आणि दुसऱ्या दिवशी बेढब, याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते की सैल इलॅस्टिकमुळे तो खाली सरकलेला असतो. याच वेळी जमिनीपासून आणखी तीन मापे घ्यावीत: गुडघ्याच्या वाटीची खालची बाजू, पोटरीचा सर्वांत रुंद भाग, आणि पोटरी संपून पाय निमुळता होऊ लागतो ती जागा.

मिडीची सारी परीक्षा या तीन खुणांमध्ये होते. स्कर्टची कड म्हणजे पायावर ओढलेली आडवी रेघ, आणि नजर त्या रेघेवर थांबते. ही रेघ पोटरीच्या सर्वांत रुंद भागावर आली की तिथली रुंदीच डोळ्यात भरते, आणि खाली उरलेला पाय आखूड वाटतो. पोटरी बारीक असेल तर हा दोष फारसा जाणवत नाही, पण भरलेल्या पोटरीवर किंवा कमी उंचीवर तो लगेच दिसतो. यावर दोन जागा चांगल्या. एक, गुडघ्याच्या वाटीखाली इंच-दोन इंच, जिथे पोटरीचा फुगवटा अजून सुरू झालेला नसतो. दुसरी, फुगवटा संपल्यानंतरची निमुळती जागा. मधले तीन-चार इंच शक्यतो टाळावेत.

तयार स्कर्टची अडचण इथेच येते, कारण तो कुठल्यातरी एका ठरावीक उंचीसाठी कापलेला असतो. समजा स्कर्टची लांबी ३२ इंच आहे. पाच फूट सात इंच उंचीच्या स्त्रीचे कमरेपासून जमिनीपर्यंतचे माप साधारण ४२ इंच भरते. तिला हा स्कर्ट घातल्यावर कड जमिनीपासून १० इंचांवर, म्हणजे पोटरी निमुळती होते त्याच जागी येईल. पाच फूट एक इंच उंचीच्या स्त्रीचे तेच माप सुमारे ३८ इंच असते. तिला कड ६ इंचांवर येईल, घोट्याच्या थोडी वर. तिथे तो स्कर्ट धड मिडी वाटत नाही आणि मॅक्सीही वाटत नाही. आटलेला मॅक्सी वाटतो. तिची पोटरी जमिनीपासून १२ इंचांवर सर्वांत रुंद आणि साडेआठ इंचांवर निमुळती होत असेल, तर तिला २९ ते साडेएकोणतीस इंचांचा स्कर्ट हवा, म्हणजे अडीच ते तीन इंच कमी. तिला गुडघ्याखालची लांबी आवडत असेल, तर तो २४ इंचांच्या आसपास लागेल. मधला २६ इंचांचा स्कर्ट दुकानात सुबक दिसला, तरी त्याची कड तिच्या पोटरीच्या फुगवट्यावर, जमिनीपासून बरोबर १२ इंचांवर येईल.

मिडीखाली पायाचा काही भाग उघडा राहतो, आणि पादत्राणाचे काम त्या उघड्या भागाला पुन्हा न तोडण्याचे असते. घोट्याभोवती पट्टा असलेली सँडल पायावर दुसरी आडवी रेघ ओढते. उंच स्त्रीला ती चालून जाते. बुटक्या बांध्याला ती नको. पावलाचा वरचा भाग मोकळा ठेवणारी कोल्हापुरी, पुढे निमुळती होणारी बॅलेरिना किंवा त्वचेच्या रंगाजवळची सँडल घातली की पाय बोटांपर्यंत सलग दिसतो, आणि टाच नसतानाही उंची कमी वाटत नाही. टाच हवीच असेल तर रोजच्या कामासाठी दीड-दोन इंचांची रुंद टाच पुरते. स्नीकर मिडीवर चांगले दिसतात, पण घोटा झाकणारे नसावेत आणि मोजा बाहेर डोकावू नये. जाड तळाच्या बुटांबरोबर शिफॉनसारखे तलम कापड घातले तर पावले जड वाटतात. डेनिम, कॉर्डरॉय किंवा जाड खादी त्यांना पेलते.

कामाच्या ठिकाणी मिडीची दुसरी चाचणी खुर्चीवर होते. बसल्यावर कड वर सरकते, आणि अरुंद, सरळ कापाच्या स्कर्टमध्ये जास्तच. उभे असताना गुडघ्याखाली इंचभर असलेली कड बसल्यावर गुडघ्याच्या वर जाऊ शकते. बैठकांमध्ये समोरासमोर बसावे लागणाऱ्या स्त्रीने अशा स्कर्टची लांबी बसून तपासावी. सरळ कापाचा लांब मिडी असेल तर चिरेकडे पाहावे. चीर नसेल किंवा फार खाली असेल, तर पाऊल छोटे पडते आणि बसच्या पायरीवर पाय ठेवताना स्कर्ट हाताने उचलावा लागतो. चिरेचे टोक गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत आले की चालणे मोकळे होते. ए-लाइन किंवा चुण्यांच्या मिडीला हा प्रश्नच नसतो, म्हणून लोकलने किंवा बसने जाणाऱ्यांना तोच अधिक सोयीचा.

मॅक्सीकडे वळताना साडी नेसणाऱ्या घरातली एक सवय उपयोगी पडते: बाहेर जायची चप्पल आधी पायात घालायची आणि मग निऱ्या काढायच्या. मॅक्सीचे मापही चप्पल घालूनच घ्यावे. सर्वसाधारण वापरासाठी कड जमिनीपासून एक इंच वर असावी. जिने, फलाट आणि गर्दी रोजची असेल तर दीड-दोन इंच. त्याहून वर गेली की तो घोट्यापर्यंतचा स्कर्ट होतो. तोही चांगला दिसतो, पण तसाच हवा म्हणून शिवलेला असावा.

वरचीच पाच फूट एक इंच उंचीची स्त्री घेऊ. अनवाणी माप ३८ इंच, कोल्हापुरीचा तळ अर्धा इंच. कड इंचभर वर ठेवायची तर स्कर्ट साडेसदतीस इंचांचा झाला. त्याच स्कर्टवर तिने अडीच इंच टाचेची सँडल घातली तर कंबर सुमारे दोन इंच उचलली जाते, कारण चवडा खालीच राहतो. आता कड जमिनीपासून अडीच इंच वर आली आणि सँडलचे पट्टे दिसू लागले. ही तडजोड चालण्यासारखी आहे. उलट तिने टाचेच्या सँडलसाठी ३९ इंचांचा स्कर्ट शिवून घेतला आणि एके दिवशी कोल्हापुरी घातली, तर कड अर्धा इंच जमिनीवर लोळेल, पायाखाली येईल आणि लवकरच फाटेल. म्हणून दोन्ही प्रकारची पादत्राणे वापरायची असतील तर माप सपाट चपलेवर घ्यावे. लग्नासारख्या प्रसंगासाठी टाचेवर बेतलेला मॅक्सी वेगळा ठेवावा आणि त्याची सँडलही ठरलेली असावी.

उंच स्त्रीची तक्रार वेगळी. पाच फूट आठ इंच उंचीला ४० इंचांचा तयार मॅक्सी घोट्याच्या आसपास येऊन थांबतो. अशा वेळी उंच टाच घातली तर तो आणखी आखूड दिसतो. सपाट सँडलवर तोच बरा वाटतो. खालच्या दुमडीत दीड-दोन इंच कापड सोडलेले असेल तर ते उसवून लांबी वाढवता येते, पण जुन्या घडीची रेघ सुती कापडावर बहुधा उमटून राहते. त्यापेक्षा वेगळ्या रंगाची रुंद पट्टी खाली जोडणे जास्त नीटनेटके.

मॅक्सीच्या लांबीला चालण्याच्याही मर्यादा आहेत. जिना चढताना शरीर पुढे झुकते आणि पुढची कड खाली येते, त्यामुळे पुढचा भाग मागच्यापेक्षा अर्धा इंच आखूड ठेवला तर अडखळण्याची भीती कमी होते. कार्यालयातल्या चाकांच्या खुर्चीखाली घेरदार मॅक्सीची कड सापडते. दुचाकीवर मागे बसताना तर घेर मांडीखाली दाबून घेतल्याशिवाय बसू नये. साडी गार्ड असले तरी हलके कापड वाऱ्याने त्याच्या मागे जाऊन चाकात ओढले जाते. पावसाळ्यात सुती मॅक्सीची कड पाणी शोषत जाते आणि ओल पाहता पाहता वीतभर वर चढते. जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात फिरताना निमुळत्या जागेपर्यंतचा मिडी आणि धुता येणारी सँडल हीच जोडी टिकते.

लांबी कमी करायला देताना कापड आणि काप दोन्ही पाहावेत. सुती कापड आधी धुऊन घ्यावे, नाहीतर माप बरोबर घेऊनही पहिल्या धुण्यात स्कर्ट इंचभर आखडतो. तिरक्या कापाचा किंवा पूर्ण गोल घेराचा स्कर्ट शिवल्यावर एक दिवस टांगून ठेवावा, कारण तिरके धागे वजनाने सैलावतात आणि कड जागोजागी लोंबते. त्यानंतर तो अंगात घालून जमिनीपासून पट्टीने मोजत सभोवती खडूने खुणा कराव्यात. पोट किंवा नितंब भरलेले असतील तर कमरेपासून सगळीकडे सारखेच माप घेतल्यावर कड त्या बाजूला वर उचललेली दिसते. जमिनीपासून घेतलेल्या मापात हा दोष राहत नाही. साधा स्कर्ट खालून कापावा. काठावर नक्षी असेल किंवा झालरींचे थर असतील तर खालून कापल्यास डौल जातो. इलॅस्टिक किंवा चुण्यांची कंबर असेल तेव्हा ती उसवून वरून कमी करता येते. टक्स घालून बसवलेल्या कमरेला मात्र वरून हात लावू नये, कारण खाली कापड रुंद होत गेलेले असते आणि सगळा बसाव बिघडतो. अस्तर वरच्या कापडापेक्षा इंच-दीड इंच आखूड ठेवायला शिंप्याला आठवणीने सांगावे.