मिरर न्यूरॉन : माकडाच्या मेंदूत काय सापडलं आणि आपण काय गृहीत धरलं

इटलीतल्या पार्मा विद्यापीठात जाकोमो रिझोलात्ती आणि त्यांचे सहकारी १९९०च्या सुमारास मकाक जातीच्या माकडांचा मेंदू तपासत होते. आपल्याकडची लाल तोंडाची माकडं याच कुळातली. मेंदूच्या पुढच्या बाजूला ‘एफ-५’ नावाचा एक छोटा भाग असतो. वस्तू उचलणं, धरणं, फाडणं अशा हाताच्या कामांची जुळवाजुळव तिथे होते. संशोधक त्या भागात अतिशय बारीक तार सोडत आणि एकेका पेशीतले विद्युत-स्पंद टिपत. माकडाने खाऊचा तुकडा उचलला की अमुक पेशी जोरात स्पंदते आणि हात नुसता हलवला तर गप्प राहते, अशा नोंदी चालल्या होत्या.

मग एक अनपेक्षित गोष्ट दिसली. पुढच्या फेरीसाठी संशोधक स्वतः खाऊ उचलून ठेवत असताना, माकड स्वस्थ बसलेलं असूनही, यातल्या काही पेशी स्पंदू लागल्या. ज्या पेशी माकडाच्या स्वतःच्या हालचालीसाठी आहेत असं मानलं होतं, त्या दुसऱ्याची तशीच हालचाल पाहूनही जाग्या होत होत्या. १९९२ साली याची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. १९९६च्या सविस्तर निबंधात या पेशींना ‘मिरर न्यूरॉन’ म्हणजे आरसा-पेशी हे नाव मिळालं. त्या निबंधासाठी ५३२ पेशी तपासल्या होत्या आणि त्यांतल्या ९२ या प्रकारच्या निघाल्या.

या पेशी किती चोखंदळ होत्या हे पाहण्यासारखं आहे. खाऊ नुसता समोर ठेवला तर त्या गप्प. समोर काही नसताना संशोधकाने उचलण्याचा अभिनय केला तरी गप्पच. पकडीने तुकडा उचलला तर प्रतिसाद अगदी क्षीण किंवा मुळीच नाही. हात हवा, वस्तू हवी आणि त्यांची गाठ पडायला हवी. शिवाय ‘पाहिलेलं’ आणि ‘केलेलं’ यांचा तंतोतंत मेळ यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याच्याच पेशींत होता. बहुतेकींत तो ढोबळ होता. एखादी पेशी माकडाने चिमटीत धरल्यावर स्पंदायची, पण संशोधकाने मुठीत धरलेलं पाहूनही जागी व्हायची. म्हणजे हा आरसा सरसकट हुबेहूब नव्हता, ही गोष्ट मूळ निबंधातच आहे.

एवढा भाग पक्का आहे. तो सुंदर शोध आहे आणि त्यावर कुणाचा वाद नाही. वाद पुढच्या उडीवर आहे.

ही उडी फार लवकर घेतली गेली. दुसऱ्याची कृती पाहताना आपल्या मेंदूत तीच कृती मुक्याने घडते, म्हणूनच ती आपल्याला कळते, असं म्हटलं गेलं. मग याच पेशींमुळे आपण नक्कल करतो, भाषा शिकतो, दुसऱ्याचं दुःख जाणतो, असं एकावर एक चढत गेलं. तमिळनाडूत जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात काम करणारे व्ही. एस. रामचंद्रन यांनी २००० साली भाकीत केलं की डीएनएने जीवशास्त्रासाठी जे केलं तेच मिरर न्यूरॉन मानसशास्त्रासाठी करतील. पुढे त्यांनी या पेशींना ‘गांधी न्यूरॉन’ असंही म्हटलं, कारण त्यांच्या मते या पेशी ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यामधली भिंत पुसतात. आज पालकत्वावरच्या व्याख्यानांतही हे दावे सिद्ध झालेल्या गोष्टीसारखे सांगितले जातात.

पहिली अडचण नकलेचीच आहे. टोप्या विकणाऱ्याची आणि माकडांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण प्रयोगात मकाक माकडं समोरच्याची नवी कृती पाहून शिकत असल्याचं जवळजवळ दिसत नाही. ज्या प्राण्यात या पेशी सापडल्या, तोच नकलेत कच्चा असेल, तर या पेशी नक्कल करण्यासाठी घडल्या असं म्हणणं कठीण होतं. रिझोलात्तींच्या गटालाही ही अडचण माहीत होती. म्हणून त्यांनी भर दिला तो ‘कृती समजण्यावर’.

मग या पेशी येतात कुठून? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिसिलिया हेज यांचं उत्तर मला सर्वांत पटणारं वाटतं. बाळ स्वतःचा हात हलवतं तेव्हा तो हलताना त्याला दिसतोही. आई बाळाच्या हसण्याला हसून उत्तर देते. करणं आणि पाहणं हजारो वेळा एकत्र घडतं आणि एकत्र घडणाऱ्या गोष्टींची मेंदूत जोडी जमते. म्हणजे मिरर न्यूरॉन हे शिकण्याचं फळ आहे, निसर्गाने त्या कामासाठी जन्मतःच बसवलेलं यंत्र नव्हे.

हे खरं असेल तर आरसा उलटाही करता आला पाहिजे. कॅरोलिन कॅटमर, व्हिन्सेंट वॉल्श आणि हेज यांनी २००७ साली लंडनमध्ये नेमकं हेच केलं. माणसाच्या डोक्याजवळ चुंबकीय कॉइल धरून मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागाला हलका झटका देता येतो. त्याने हाताचे स्नायू किंचित थरथरतात आणि ती थरथर मोजता येते. एरवी पडद्यावर तर्जनी हलताना पाहिली की आपल्या तर्जनीच्या स्नायूची थरथर वाढते, करंगळी पाहिली की करंगळीच्या स्नायूची. हीच आरशाची खूण. मग एका गटाला उलटा सराव दिला : पडद्यावर तर्जनी हलली की तुम्ही करंगळी हलवा, करंगळी हलली की तर्जनी. सरावानंतर पुन्हा मोजलं, तेव्हा खूण उलटली होती. नुसती तर्जनी हलताना पाहिली तरी थरथर करंगळीच्या स्नायूची वाढत होती. थोड्याशा सरावाने जो आरसा उलटतो, तो सरावानेच घडला असण्याची शक्यता मोठी आहे.

आता ‘समजण्या’कडे येऊ. पार्माच्या गटाचा या बाबतीतला सर्वांत भक्कम पुरावा २००५चा आहे. माणूस माकडासमोर खाऊ उचलतो. कधी तो उचलून तोंडात टाकणार असतो, कधी भांड्यात ठेवणार असतो. उचलण्याची क्रिया तीच, तरी काही पेशी ‘खाण्यासाठी उचलणं’ पाहताना जास्त स्पंदल्या, काही ‘ठेवण्यासाठी उचलणं’ पाहताना. यावरून या पेशी हेतू ओळखतात असा निष्कर्ष निघाला. पण माकडाला हेतू कशावरून कळला? भांडं समोर आहे की नाही यावरून. म्हणजे पुढे काय होणार याचा अंदाज आधी मेंदूत इतरत्र बांधला गेला आणि मग तो या पेशींपर्यंत पोचला, असाही अर्थ तितकाच सरळ लागतो. अमेरिकी संशोधक ग्रेगरी हिकॉक यांनी २००९पासून आणि २०१४च्या त्यांच्या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला : पेशी स्पंदते हे दाखवणं वेगळं आणि त्या स्पंदण्यामुळेच समजतं हे दाखवणं वेगळं.

याची खरी परीक्षा एकच. ‘करण्याची’ सोय काढून घेतली तर ‘समजणं’ जातं का? ज्यांना पक्षाघातानंतर बोलणं जवळजवळ अशक्य होतं, असे अनेक रुग्ण आपण बोललेलं बऱ्यापैकी समजतात. मोबियस सिंड्रोम असलेल्या माणसांचा चेहरा जन्मापासून हलत नाही. ती स्वतः हसू शकत नाहीत. तरीही २०१०च्या एका अभ्यासात चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात अशी ३७ माणसं इतरांच्या मागे पडली नाहीत. जन्मतः हात नसलेल्या काही व्यक्तींची चाचणी जिल व्हानुस्कॉर्प्स आणि आल्फोन्सो कारामाझ्झा यांनी घेतली, त्यांचा निबंध २०१६चा. हाताच्या कृती ओळखण्यात, पुढे काय होणार हे ताडण्यात त्या इतरांइतक्याच तयार निघाल्या. दुसऱ्या बाजूचं उत्तरही ऐकलं पाहिजे : अशा व्यक्ती हाताची कृती पाहताना त्यांच्या मेंदूतला पायांच्या हालचालींचा भाग जागा होतो, असं २००७च्या एका अभ्यासात दिसलं होतं. पण आपला रोजचा अनुभवही हिकॉक यांच्या बाजूने आहे. आयुष्यात तबल्याला हात न लावलेला रसिक समेवर बरोबर दाद देतो. वादकाला त्यात जास्त बारकावे दिसत असतील, पण समजण्याची सुरुवात बोटांपासून होत नाही.

सहानुभूतीच्या दाव्याचा पाया याहून कच्चा आहे. टानिया सिंगर यांच्या २००४च्या प्रसिद्ध प्रयोगात १६ स्त्रियांच्या मेंदूचे स्कॅन घेतले गेले. कधी त्यांच्या स्वतःच्या हाताला वेदनादायक झटका दिला, कधी शेजारी बसलेल्या जोडीदाराच्या हाताला. वेदनेच्या क्लेशाशी जोडलेले काही भाग दोन्ही वेळा जागे झाले. वेदना नेमकी कुठे होतेय हे सांगणारे भाग मात्र फक्त स्वतःच्या वेदनेला. हा मोलाचा निष्कर्ष आहे, पण त्यात एकही मिरर न्यूरॉन मोजलेला नाही. जे भाग जागे झाले ते पार्माच्या एफ-५पेक्षा वेगळे आहेत आणि स्कॅनमधल्या एका ठिपक्यात लाखो पेशी असतात. दोन्ही वेळा त्याच पेशी जाग्या झाल्या की शेजारच्या, हे तो ठिपका सांगू शकत नाही. माणसाच्या मेंदूतल्या एकेका पेशीची थेट नोंद क्वचितच मिळते. २०१०मध्ये लॉस एंजेलिसला अपस्माराच्या २१ रुग्णांत, उपचारासाठी बसवलेल्या तारांमधून ती घेता आली. आरशासारख्या पेशी सापडल्या खऱ्या, पण त्यांतल्या काही स्मृतीशी संबंधित भागात होत्या. हे वाचल्यावर हेज यांचं शिकण्याचं स्पष्टीकरण मला आणखी पटलं.

मग या पेशी करतात तरी काय? हेज आणि कॅटमर यांनी २०२२मध्ये सगळ्या पुराव्याची झाडाझडती घेतली. शरीराच्या हालचालींतले बारीक फरक ओळखणं, गोंगाटात बोलणं ऐकणं आणि हालचालींची नक्कल, एवढ्या ठिकाणी या पेशी असलेल्या भागांचा वाटा दिसतो. हेतू ओळखण्यासाठी तसा पुरावा मिळत नाही, असा त्यांचा निर्वाळा आहे.

अतिरेकी दाव्याची खरी झळ बसली ती स्वमग्नतेच्या क्षेत्रात. या मुलांमधला आरसा ‘फुटलेला’ असतो, अशी मांडणी २००६च्या सुमारास गाजली. अँटोनिया हॅमिल्टन यांनी २०१३मध्ये उपलब्ध २५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मिरर न्यूरॉनची यंत्रणा सरसकट बिघडलेली असल्याला फारसा आधार मिळाला नाही. यातली कितीतरी मुलं दुसऱ्याच्या वेदनेने अस्वस्थ होतात, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक असतं. तुमच्या घरी असं मूल असेल आणि मिरर न्यूरॉन दुरुस्त करण्याच्या नावाखाली कुणी उपचार सुचवत असेल, तर पैसे देण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा : या मुलात हे न्यूरॉन बिघडलेत हे तुम्ही कशावरून मोजलंत आणि उपचारानंतर मुलाच्या रोजच्या जगण्यात कोणता फरक पडल्याचं कुठल्या अभ्यासात दिसलंय?