मधल्या शून्यांचे नऊ का होतात?

१००० मधून ३४७ वजा करायला दिले की मूल एककाच्या घरातच अडते. शून्यातून सात जात नाहीत. शेजारच्या दशकाकडून घ्यावे तर तिथे शून्य, शतकाच्या घरातही शून्यच. मग पाठ केलेली युक्ती मदतीला येते: हजाराचा एक खोडायचा, मधल्या शून्यांचे नऊ करायचे, शेवटच्या शून्याचे दहा. उत्तर ६५३ येते आणि तेच बरोबर असते. पण नऊ का, हे मुलाला सांगता आले नाही तर ती युक्ती फार दिवस टिकत नाही.

हा हिशेब नोटांनी करून पाहावा. हातात हजाराची एकच नोट आहे (आता ती चलनात नाही, खेळातली चालेल) आणि द्यायचे आहेत ३४७ रुपये. नोट मोडली की शंभराच्या दहा नोटा मिळतात. त्यांतली एक दहाच्या नोटांसाठी मोडायची, म्हणजे शंभराच्या उरल्या नऊ. हाती आलेल्या दहाच्या दहा नोटांपैकी एक पुन्हा सुट्या रुपयांसाठी मोडायची, म्हणून दहाच्याही नऊच उरल्या. सुटे रुपये मात्र पुढे कुठे मोडायचे नसतात, ते दहाच्या दहा राहतात. आता हातात ९०० अधिक ९० अधिक १० रुपये आहेत. रक्कम हजारच आहे, फक्त तिची मांडणी बदलली. तिच्यातून ३००, ४० आणि ७ सहज निघतात. उरतात ६००, ५० आणि ३. रक्कम कुठेही कमी-जास्त होत नाही, म्हणून ही रीत बिनचूक चालते.

नेहमीची चूकही यातून उलगडते. काही मुले तिन्ही शून्यांचे दहा करतात आणि उत्तर लिहितात ७६३. ताळा करा: ७६३ अधिक ३४७ म्हणजे १११०, हजारापेक्षा ११० जास्त. मुलाने शंभराची एक नोट मोडून दहाच्या नोटा घेतल्या, पण मोडलेली नोटही हातात धरून ठेवली. दहाच्या नोटेचेही तेच. शंभर आणि दहा मिळून नेमके ११०. चूक आकडेमोडीतली नाही, मोडलेली नोट हिशेबातून वगळायची राहिली आहे. हे पाहिल्याशिवाय त्या मुलाला नुसते आणखी सराव करायला लावणे मला योग्य वाटत नाही.

नऊ फक्त मधल्या शून्यांचे होतात, हेही ध्यानात ठेवावे. ५००३ मधून १६७८ वजा करताना पाचाचे चार होतात, दोन्ही शून्यांचे नऊ, पण एककात आधीचे तीन असल्याने तिथे तेरा होतात. उत्तर ३३२५.

घरी मूल अशी वजाबाकी करत असेल, तर उत्तर तपासण्याआधी त्याला एवढेच विचारा: हे नऊ कशाचे, आणि दहावा कुठे गेला?